एकाच पगारावर न विसंबता



मागच्या रांगेत कायद्याचे काही विद्यार्थी बसले आहेत. कायम नोकरी नसेल तर घर कसे चालवावे, हा त्यांचा प्रश्न आहे. आपल्या जिल्ह्यांत तो खराच आहे.

बाबासाहेबांचे 1923 नंतरचे दिवस आठवा. बॅरिस्टर होऊन आले, पण अस्पृश्य वकिलाकडे पक्षकार कितीसे येणार? म्हणून जून 1925 पासून मार्च 1928 पर्यंत ते बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत. जोडीला विद्यापीठाचे पेपर तपासत, आणि कोर्ट चालूच होते. जून 1928 पासून वर्षभर सरकारी लॉ कॉलेजात अध्यापन केले. याच काळात महाडचा सत्याग्रह झाला, ‘बहिष्कृत भारत’ निघाले. सरकारी नोकरीत राहून ते जमले नसते.

हीच वाट आज चंद्रपूर, गडचिरोलीत कशी धरता येईल? वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. पण कायदा शिकवण्याची मुभा आहे, दिवसाला तीन तासांपर्यंत. एल्‌एल्‌.एम. आणि नेट किंवा सेट असेल तर तासिका तत्त्वावर काम मिळू शकते. तास सकाळचेच मागून घ्या. दुपारचा तास आणि कोर्टातला पुकारा एका वेळी आला की पक्षकार जातो, आणि गेलेला पक्षकार परत येत नाही. तिसरे काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलचे. त्यासाठी साधारण तीन वर्षांची वकिली लागते, म्हणून पहिल्याच वर्षी त्यावर भिस्त ठेवू नका. फी ठरलेली आणि थोडी असते. पण अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि स्त्रियांना मोफत वकील तिथूनच मिळतो, आणि नव्या वकिलाला उलटतपासणीचा सराव होतो.

आता हिशेब. समजा, घरखर्च महिन्याला 15,000 आणि तासिकांचे 18,000 मिळतात. मुलगा म्हणतो, तीन हजार उरले. चूक! सुट्टीत तासिका नसतात. नऊ महिन्यांचे 1,62,000 होतात, आणि खर्च बारा महिन्यांचा 1,80,000. म्हणजे 18,000 ची तूटच. ती वकिलीतून भरायची आहे, आणि तीही कार्यालयाचे भाडे, टंकलेखन, प्रवास वजा जाऊन उरलेल्या पैशांतून.

दुसरी अडचण उशिराची. तासिकांचे बिल चार महिने अडकले तर 60,000 हाताशी हवेत, नाहीतर सावकार आहेच. (आमच्या वेळी तोच होता.) म्हणून पहिली मोठी फी आली की मोटारसायकल घेऊ नका, ती रक्कम पोस्टात ठेवा. आणि प्रत्येक तासिकेची नोंद स्वतःच्या वहीत तारखेसह करून त्याच दिवशी सही घ्या. बिल कापले जाते ते बहुधा नोंद नसलेल्या तासांचेच.