बिऱ्हाड हलवताना शेजाऱ्यांना लिहायची चिठ्ठी

आज एका चिठ्ठीबद्दलच बोलू. खोली सोडून निघताना इमारतीतल्या शेजाऱ्यांना जी चार ओळींची चिठ्ठी आपण लिहितो, तिच्याबद्दल. आपल्याकडची कितीतरी माणसं कामासाठी भोसरीला, चाकणला, पनवेलकडे खोली घेऊन राहतात. कुणी सहा महिने राहतं, कुणी दहा वर्षं. मग एक दिवस टेम्पो बोलवायची वेळ येते, आणि निरोपाचे शब्द फोनवर, एका हातानं, गाठोडी बांधता बांधता लिहिले जातात.

अशीच एक ताई भोसरीतल्या तीन मजली इमारतीत सहा वर्षं राहिली. नवरा कंपनीत, ही घरी ब्लाऊज शिवायची. गावाकडे सासूबाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि चार दिवसांत गावी परतायचं ठरलं. शुक्रवारी रात्री अकरा वाजता तिनं इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असं लिहिलं:

‘हाय सर्वांना. आम्ही परवा रूम सोडतोय, कायमचे गावी चाललो. नंबर पण बदलणार आहे. कुणाचं काही द्यायचं घ्यायचं असेल तर सांगा. काही चुकलं असेल तर माफी असावी. सर्वांनी खूप मदत केली. बाय.’

यात खोटं काहीच नाही. तिच्या मनातही काही वावगं नव्हतं. पण सकाळी सात वाजता भिशीतल्या दोघीजणी दारात उभ्या राहिल्या. एकीचा चेहरा पडलेला, दुसरीचा आवाज चढलेला. त्यांचं काय चुकलं म्हणा! भिशी बाराजणींची, महिन्याला हजार रुपयांची. या ताईचा नंबर पाचव्या महिन्यात लागला होता, म्हणजे बारा हजार तिच्या हातात आले होते. आठ हप्ते भरून झाले होते, चार राहिले होते. चार हजार रुपये देणं असलेली बाई रात्री अकराला लिहिते की कायमची चालले आणि नंबरही बदलणार. वाचणारीनं दुसरं काय समजायचं?

तेव्हा पहिली गोष्ट ही, की पैशाचं बोलणं चिठ्ठीच्या आधी उरकायचं. शनिवारी सकाळीच ती भिशी चालवणाऱ्या काकूंकडे गेली. राहिलेले चार हप्ते दर महिन्याच्या पाच तारखेला फोनवरून काकूंच्या खात्यात पाठवायचे असं ठरलं, आणि काकूंच्या वहीत ते लिहून खाली दोघींनी सही केली. भिशीतल्या बाकीच्यांना काकूंनी स्वतः सांगितलं. हे महत्त्वाचं, कारण ज्याचं देणं आहे त्यानं शंभरदा सांगितलं तरी शंका राहते, वही सांभाळणारीनं एकदा सांगितलं की मिटते. मग चिठ्ठीत रकमेचा आकडा घालायची गरजच उरली नाही. इमारतीच्या ग्रुपवर भिशीत नसलेली माणसंही असतात, पुरुषमाणसं असतात. आपला हिशेब त्यांच्यापुढे कशाला?

नंबरचं म्हणाल तर तिला तो बदलायची हौस नव्हती. तिच्या कंपनीची रेंज गावात येत नाही, म्हणून नवीन कार्ड घ्यायचं चाललं होतं. पण नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. PORT असं लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि तो संदेश 1900 या क्रमांकावर पाठवायचा. उलट एक कोड येतो. तो कोड आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात गेलं की काम होतं. कोडला मुदत असते, म्हणून तो आल्यावर फार दिवस थांबू नये. जिचे हप्ते जायचे आहेत, जिच्या नावाचं टपाल जुन्या पत्त्यावर येणार आहे, तिनं नंबर शक्यतो टिकवावाच.

आता शब्दांकडे येऊ. ‘परवा’ हा शब्द बघा. शुक्रवारी रात्री लिहिलेला परवा म्हणजे रविवार. पण बहुतेकांनी तो शनिवारी सकाळी चहा घेताना वाचला, आणि त्यांचा परवा झाला सोमवार. तळमजल्यावरच्या एका वहिनींचे दोन ब्लाऊज तिच्याकडे शिवायला होते. त्यांनी ठरवलं, रविवारी सावकाश आणू. म्हणून लिहिताना आज, उद्या, परवा नको. वार आणि तारीख दोन्ही लिहावं. वार चुकला तर तारीख सांभाळून घेते.

‘कुणाचं काही द्यायचं घ्यायचं असेल तर सांगा’ हे वाक्य आपण सगळ्याच बोलतो. पण लिहिलं की ते हिशेबाला बोलावल्यासारखं वाचलं जातं. त्यातून काम तर काहीच होत नाही. ज्यांची परात आपल्याकडे आहे त्या काकू ग्रुपवर ‘माझी परात राहिली’ असं लिहिणार नाहीत, संकोच करतील आणि परात गावाला जाईल. त्यापेक्षा आपणच घरात एक फेरी मारायची. मांडणीवर, पलंगाखाली, गॅलरीत काय दुसऱ्याचं आहे ते बघायचं आणि नाव घेऊन लिहायचं की हे मी आणून देते. आणि परात परत देताना रिकामी देऊ नये, हे काही मी सांगायला नको. दोन मुठी साखर, नाहीतर चार पोहे, काहीतरी घालतोच आपण.

‘काही चुकलं असेल तर माफी असावी’ याबद्दल बायकांची मतं वेगवेगळी आहेत. माझं मत सांगते. तोंडानं, नमस्कार करताना हे शोभतं. लिहिताना ते सगळ्यांना उद्देशून जातं, म्हणून कुणालाच पोचत नाही. या ताईचं समोरच्या खोलीतल्या बाईशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोन वर्षं बोलणं बंद होतं. ग्रुपवरची माफी वाचून ती बाई काही दार उघडणार नव्हती. ताई शनिवारी दुपारी तिच्या दारात गेली, म्हणाली, ‘ही दोरी आता तुमचीच, खिळेही काढत नाही.’ आत बोलावणं आलं नाही, पण ती बाई हसली. तेवढं पुरे झालं.

आणि ‘सर्वांनी खूप मदत केली’. यात मदत दिसतच नाही. कुणी काय केलं ते लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे येतं. सगळ्यांचं लिहायला बसू नये, नाहीतर एखादं नाव राहतं आणि ते राहिलेलंच लक्षात राहतं. दोन-तीन गोष्टी पुरतात. त्या अशा निवडाव्यात की सगळ्या इमारतीनं पाहिलेल्या असतील. जी मदत झाकून झाली ती झाकूनच ठेवावी. नवऱ्याची कंपनी तीन महिने बंद होती तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईनं या ताईला घरखर्चाला पाच हजार दिले होते, घरात कुणाला न सांगता. ते ग्रुपवर लिहिलं असतं तर आभार राहिले बाजूला, त्या बाईच्याच घरात भांडण लागलं असतं. ताईनं तिच्या घरी जाऊन हात हातात घेतला, एवढंच.

शेवटी ‘बाय’. आपल्याकडे दारातून निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, म्हातारी माणसं लगेच टोकतात, ‘येते म्हण.’ लिहितानाही तेच चालू द्यावं. आणि दुसऱ्या टोकाला जाऊन ‘आदरणीय रहिवासी बंधुभगिनींनो’ असंही नको, ते सोसायटीच्या नोटिशीसारखं वाटतं. ‘सप्रेम नमस्कार’ म्हटलं की लहानमोठे सगळे त्यात येतात.

शनिवारी दुपारी तिनं जे पाठवलं ते वाचते:

‘सप्रेम नमस्कार. आम्ही रविवारी, ८ जूनला सकाळी खोली सोडून गावी राहायला जात आहोत. सासूबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालं आहे, त्यांच्याजवळ घरचं माणूस हवं, म्हणून एवढ्या घाईनं निघावं लागतंय.

आलो तेव्हा मुलगी चालतही नव्हती. ती जिना चढायला याच इमारतीत शिकली, तळमजल्यावरच्या आजींचं बोट धरून. पहाटे पाणी आलं की शेजारच्या वहिनी आमचं दार वाजवायच्या, त्यामुळे सहा वर्षांत माझा हंडा कधी रिकामा राहिला नाही.

काकूंची परात आणि दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंची शिडी आज संध्याकाळी आणून देते. आणखी कुणाची वस्तू आमच्याकडे असेल तर रात्री आठच्या आत सांगा, नंतर गाठोडी बांधली जातील. आमचे डबे कुणाकडे असतील तर राहू द्या, वापरा. शिवायला आलेले सगळे ब्लाऊज तयार आहेत, आजच घेऊन जा. भिशीचं बोलणं भिशीतल्या सगळ्याजणींशी झालं आहे.

आमच्या नावाचं टपाल आलं तर शेजारच्या वहिनींकडे द्यावं. माझा नंबर हाच राहणार आहे.

संध्याकाळी पाच ते सात घरीच आहे, चहाला या. कप बांधून झालेत, तेव्हा आपापला कप आणा. येते. – पहिला मजला, खोली नंबर ७.’

सासूबाईंचा उल्लेख एका वाक्यात आला, तेही कारण सांगण्यापुरता. तो नसता तर घरमालकाशी बिनसलं का, भाडं थकलं का, असे तर्क चालले असते. गावाचा पूर्ण पत्ता मात्र तिनं लिहिला नाही. तो ज्यांना हवा त्यांना वेगळा दिला.

टपालाबद्दल जरा जपून. शेजारीण साधं पाकीट घेऊन ठेवील, पण बँकेचं एटीएम कार्ड जुन्या पत्त्यावर येत राहणं बरं नाही. बँकेत पत्ता बदलायचा अर्ज गावी पोचल्याबरोबर द्यावा. शेजारणीवर ते ओझं कायम ठेवू नये.

तळमजल्यावरच्या आजींकडे फोन नाही. त्यांना ताईनं चिठ्ठी वाचून दाखवली. जिन्याच्या भिंतीवरही एक कागद लावला, मोठ्या अक्षरात, पण त्यात फोन नंबर आणि टपालाची ओळ गाळून. भिंतीवरचा कागद येणारा-जाणारा कुणीही वाचतो, आणि खोली रिकामी पडणार हे अनोळखी माणसाला कळायचं कारण नाही. म्हणून तो कागद रविवारी टेम्पो सुटण्याआधी तिनं काढून घेतला.

ग्रुपमधून मात्र ती लगेच बाहेर पडली नाही. पुढच्या महिन्यापर्यंत राहिली. त्या काळात दोन डबे कुणाचे, याची विचारणा झाली, आणि वीजबिलाचं एक पाकीट तिच्या नावानं आलं. तिनं गावाहून उत्तर दिलं, पाच तारखेला पहिला हप्ता पाठवला, काकूंनी भिशीच्या बायकांना ‘आला’ असं कळवलं आणि मग ती ग्रुपमधून निघाली.