फिशरच्या ऑपरेशनआधी मी सर्जनला काय विचारले
(लोणार येथील तरुणांच्या बैठकीतील भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण ज्या आजारावर घरातही बोलायला आपण लाजतो, त्याचे ऑपरेशन मी करून घेतले आहे. त्याआधी सर्जनशी झालेले बोलणे आज सांगतो.

शौचाला गेलो की काच चिरल्यासारखी वेदना व्हायची, नंतर दोन-तीन तास आग आणि कागदावर लाल रक्त. घरचे म्हणाले, मूळव्याध आहे. एका दवाखान्यात न तपासताच "उद्या लेझर करून टाकू" असे सांगितले. मी घाबरलो आणि दुसऱ्या सर्जनकडे गेलो.

माझा पहिला प्रश्न होता, "डॉक्टरसाहेब, हे नक्की काय आहे?" त्यांनी बोट घातले नाही, फक्त जागा हलकेच बाजूला करून पाहिली. म्हणाले, "मूळव्याध नाही, फिशर आहे. मागच्या बाजूला मधोमध चीर आहे, तिच्या टोकाला कातडीचा कोंब आलाय, म्हणजे जुनी आहे. चीर मधोमध नसून बाजूला असती, तर मी टीबी किंवा आतड्याचा दुसरा आजार आधी तपासला असता." चीर का भरत नाही, तेही सांगितले. वेदनेमुळे आतला गोल स्नायू आवळतो, आवळल्यामुळे तिथे रक्त कमी पोहोचते आणि जखम तशीच राहते.

दुसरा प्रश्न, "ऑपरेशनशिवाय भागेल का?" त्यांनी उलट मलाच विचारले, "मलम किती दिवस लावलं?" दहा दिवस. बरे वाटले म्हणून मी सोडून दिले होते. ते म्हणाले, "इथेच बहुतेकांचं चुकतं. दोन टक्के डिल्टियाझेमचं मलम दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे लावायचं. सोबत इसबगोल, भरपूर पाणी आणि शौचानंतर कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसणं. हे पूर्ण करून या." मी आठ आठवडे सगळे केले. अनेकांची चीर यातच भरते. माझी भरली नाही, तेव्हा ऑपरेशन ठरले.

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि विचारायला सगळ्यात अवघड होता. "तुम्ही नक्की काय कापणार? आणि माझं काय जाऊ शकतं?" त्यांनी कागदावर गोल काढून दाखवले. आतल्या गोल स्नायूचा खालचा थोडा भाग, चिरेच्या उंचीइतकाच, एका बाजूने कापायचा. बाहेरच्या स्नायूला हात लावायचा नाही. आवळ सुटला की रक्त पोहोचते आणि चीर भरते. शंभरात नव्वदहून जास्त जणांना गुण येतो.

"मग धोका?" मी विचारले. "काहींना गॅस रोखणं सुरुवातीला जमत नाही. बहुतेकांचं ते सुधारतं, थोड्यांचं कायम राहतं." मी चाचरत म्हणालो, "साहेब, मी नमाज पढतो. गॅस गेला की वुजू तुटतो." ते हसले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. आधी तिथे कधी ऑपरेशन? वारंवार पातळ संडास? आताही कधी गॅस सुटून जातो?" मी तिन्हींना नाही म्हणालो. "एकालाही हो म्हणाला असता, तर मी कापायच्या आधी बोटॉक्सच्या इंजेक्शनचा विचार केला असता." बाळंतपण झालेल्या बायकांनी हे जास्त बारकाईने विचारायला हवे, कारण त्यांचा हा स्नायू आधीच दुखावलेला असू शकतो. लेझरचेही विचारले. ते म्हणाले, "यंत्राचं नाव विचारू नका, स्नायू किती कापणार ते विचारा."

चौथा प्रश्न नंतरचा. "घरी गेल्यावर कशाला घाबरायचं आणि कशाला नाही?" पहिल्या शौचाची भीती वाटेल, थोडे रक्त दिसेल, ते चालते. पण रक्त थांबत नसेल, ताप आला, दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेले किंवा कमरेत दिलेल्या भुलीनंतर लघवी अडली, तर लगेच यायचे. मी रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, हे त्यांनी स्वतःच विचारले. तुम्हाला कोणी विचारले नाही, तर तुम्ही सांगा.

दुसऱ्या दिवशी मी घरी आलो. जुनी जीवघेणी कळ आठवड्याभरात गेली, चीर पूर्ण भरायला काही आठवडे लागले. गॅस रोखायला पहिले पंधरा दिवस त्रास झाला, मग तो गेला. आधी ऐकले होते म्हणून त्या पंधरा दिवसांत मी घाबरलो नाही.

आपल्यातले कितीतरी जण लाजेपोटी मूळव्याधीची पुडी आणून महिनोन्महिने काढतात. तुमच्यापैकी कोणाला हा त्रास असेल, तर हे चार प्रश्न मोबाईलमध्ये लिहून घ्या. तिसरा विचारताना जीभ अडखळेल. तरी तो सोडू नका.