आधी आकडा, मग आवाहन

कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी पहिल्यांदा एवढंच लिहिलं होतं, 'एका ज्युनिअरला मदत हवी आहे, जमेल तेवढं द्या.' पैसे माझ्या पगाराच्या खात्यात आले आणि महिन्याभरात कोणते कुणाचे, हे मलाच सांगता येईना. कुणी जाब विचारला नाही. पुढच्या वेळी फक्त गप्प राहिले.

म्हणून दुसऱ्यांदा आधी हिशोब मांडला. शेवटच्या वर्षाची फी ६२,००० रुपये, घरच्यांनी भरले १४,०००, कमी पडतात ४८,०००. शेवटची तारीख दिली, वेगळं खातं दिलं. जास्त जमलं तर ते परीक्षा फीला जाईल, हेही त्याच मेसेजमध्ये लिहिलं. विद्यार्थ्याचं नाव दिलं नाही. दोन बॅचमेट्सनी कागद पाहिले.

रोज रात्री शीट टाकायचो: रक्कम आणि व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. देणाऱ्याला आपली नोंद सापडते, नाव उघड होत नाही. एकजण म्हणाला, 'माझे २,००० दिसत नाहीत.' पाहिलं तर व्यवहार फेल होऊन पैसे त्याच्याच खात्यात परतले होते.

४९,५०० झाले तेव्हा लिहिलं, 'आता पाठवू नका.' ४८,००० थेट कॉलेजच्या खात्यात, १,५०० परीक्षा फीला. नाव झाकून पावत्या टाकल्या. शीट आणि बँक स्टेटमेंट मी नाही, दुसऱ्याने जुळवलं.