ढेकर येतो कुठून?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)

जठर, आम्ल, पचन हे तुम्ही शाळेत शिकला आहात, ते सोडतो. माझं म्हणणं एकच, आणि घरचे ते ऐकून कंटाळले आहेत: एकामागून एक येणारे ढेकर बहुधा पोटातून येतच नाहीत. (हशा) हसू नका. चिंतेत माणूस नकळत अन्ननलिकेत हवा ओढतो आणि जठरात पोचायच्या आत ती बाहेर टाकतो. त्याला वाटतं गॅस निघाला, म्हणून तो आणखी काढतो. थोडी हवा गिळली जाते, तिनं पोट फुगतं.

बँकेतले एक गृहस्थ आले होते. ऑडिट जवळ आलं की मिनिटाला चार-पाच ढेकर, खिशात अँटासिडची पट्टी. मी विचारलं, मुलीचं लग्न कसं झालं? झालं! कार्यालय, आचारी, विहीणबाईंचा रुसवा, ऐन पंगतीत संपलेली जिलबी... बाहेरचे पेशंट दारातून डोकावू लागले, तरी यांची वरात निघालेलीच. (हशा) तेवढ्या वेळात ढेकर एकही नाही! बायको म्हणाली, "झोपेतही येत नाहीत हो." निदान तिनंच केलं. उबळ आली की दातांत पेन आडवं धरायचं, पोटावर हात ठेवून ते वर येईल असा सावकाश श्वास घ्यायचा, एवढंच मी शिकवलं. तोंड उघडं असलं की हवा गिळणं अवघड जातं. सवय मोडायला काही आठवडे लागले.

(एक श्रोते : म्हणजे आमची ॲसिडिटी मनातली?) छे, छे! जळजळ खरीच असते. चिंतेत जठर-अन्ननलिका हळव्या होतात, नेहमीएवढं आम्लही जास्त झोंबतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. आणि अल्सर राहिलाच की! तो मुख्यतः हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांनी होतो. जंतूच्या शोधासाठी मार्शल आणि वॉरन यांना 2005 साली नोबेल मिळालं. दुखणं बेंबीच्या वर, मध्यभागी, कधी मध्यरात्री झोपेतून उठवणारं. पण दुखेलच असं नाही. त्याच गृहस्थांच्या आई गुडघ्यांसाठी रोज गोळी घ्यायच्या. ना ढेकर, ना पोटदुखी. जिना चढताना धाप लागायची आणि शौचाला डांबरासारखं काळं, चिकट व्हायचं. हिमोग्लोबिन 7 निघालं, दुर्बिणीतून जठरात व्रण दिसला. घरात काळजी मात्र मुलाच्या ढेकरांची!

लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं. पण असं चिकट, दुर्गंधीचं काळं शौच किंवा रक्ताची उलटी झाली तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. वजन उतरत असेल, घास अडकत असेल, किंवा पोटाचा त्रास उतारवयात नव्यानं सुरू झाला असेल, तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका. छातीवर दाब आणि घाम असेल तर गॅस म्हणून सोडा पीत बसू नका, लगेच ईसीजी काढा. आणि डॉक्टरकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्या, गुडघ्याच्यासुद्धा.