पिन लपवा, कर्ज नको

आजचा विषय माझ्याच घरातला आहे. नवऱ्याला विचारूनच सांगतेय.

गेल्या वर्षी आम्ही फ्लॅटसाठी दोघांच्या नावावर कर्जाचा अर्ज केला. बँकेने दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट काढले. आठवड्याने तिथल्या मॅडमनी सहज विचारलं, "सरांचं पर्सनल लोन अजून अडीच वर्षं आहे ना?" मी नवऱ्याकडे बघितलं. तो फाईलकडे बघत होता.

लग्नाआधी बहिणीच्या लग्नासाठी त्याने चार लाख घेतले होते. चौदा टक्के व्याज, चार वर्षांची मुदत, म्हणजे महिन्याला साधारण १०,९०० रुपये हप्ता. मला मात्र तो पगारच तेवढ्याने कमी सांगायचा. "अगं, तुला कशाला टेन्शन?" हे त्याचं उत्तर.

आता हिशेब बघा. बँक पगारातून चालू हप्ते आधी वजा करते आणि उरलेल्यावर नवं कर्ज ठरवते. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी एक लाख घेतले, तर हप्ता अंदाजे ८७० रुपये बसतो. म्हणजे त्या १०,९०० मुळे आमचं गृहकर्ज साडेबारा लाखांनी घटलं. फ्लॅट गेलाच, बुकिंगचे पन्नास हजारही अडकले. ते माझ्या बचतीतले होते.

मग खासगी काहीच नसावं का? असावं ना! माझा यूपीआय पिन त्याला माहीत नाही. तो गिटारवर किती उडवतो, हे मी विचारत नाही. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: ही गोष्ट माहीत असती, तर समोरच्याने वेगळा निर्णय घेतला असता का? गिटारचं उत्तर 'नाही'. कर्जाचं उत्तर 'हो', कारण मी बुकिंगच केलं नसतं. आणि तो नुसता गप्प नव्हता, खोटा आकडा सांगत होता.

एक अपवाद सांगते. जोडीदार पैसे हिसकावून घेत असेल, मारहाण करत असेल, तर बाजूला ठेवलेले पैसे ही फसवणूक नाही. ती सुटकेची वाट आहे.

आम्ही पुढे काय केलं? एका रविवारी दोघांनी आपापला रिपोर्ट काढला आणि शेजारी बसून वाचला. प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात चालू कर्जं, थकलेले हप्ते, क्रेडिट कार्डं दिसतात. कुणासाठी जामीन राहिला असाल, तर तेही सहसा दिसतं. पण दुसऱ्याच्या फोनवरचा ओटीपी गुपचूप वापरून त्याचा रिपोर्ट काढू नका, तीही चोरीच.

आणि रिपोर्टमध्ये बचत किंवा मित्राकडून घेतलेले हातउसने कळत नाहीत. ते तोंडानेच सांगावे लागतात. त्या रविवारी शेवटी तो म्हणाला, "अजून एक आहे. मामाचे चाळीस हजार." राग आला, खरं सांगते. पण हे मला बँकेतल्या मॅडमकडून कळलं नव्हतं.