कोठीची किल्ली कुणाकडे?

लग्नसराई सुरू झाली की आमच्या गटाची भांडी घरात टिकत नाहीत. मोठी पातेली, घमेली, पराती, सगळी भाड्यानं जातात आणि आमच्यातल्या दहा-बारा जणी पुऱ्या लाटायला जातात. भांडी परत येतात तेव्हा कुणाच्या लग्नात काय झालं, ते पातेल्याच्या तळावरून कळतं. काही पातेल्यांत अजून भाताचा थर असतो. आज या उरलेल्या अन्नाबद्दल बोलायचं आहे.

हा विषय निघाला की दोन बाजू भांडायला उभ्या राहतात. एक म्हणते, "बाहेर पालावरची पोरं उपाशी आणि इथं भात खड्ड्यात, हे पाप आहे. लग्नं साधी करा, माणसं कमी बोलवा." दुसरी म्हणते, "लेकीचं लग्न एकदाच होतं. पाहुणा पानावरून उपाशी उठला तर जन्मभर बोल लागेल." मला दोघींचंही पटतं. म्हणून आधी अन्न उरतं कसं ते बघू.

मागल्या उन्हाळ्यातल्या एका लग्नाचा हिशेब सांगते. घरच्यांनी पत्रिका मोजल्या, तेव्हा 800 पानं निघाली. यजमान म्हणाले, कमी नको पडायला, 900 धरा. आचाऱ्यानं किराण्याची यादी केली ती 1000 पानांची, कारण जेवण कमी पडलं तर नाव त्याचं जातं. आमच्या भागात पुरी, भाजी, बुंदी असलेल्या जेवणाला शंभर पानांमागं 8 किलो तांदूळ धरतात. म्हणजे 80 किलो तांदूळ आला. लग्नाच्या सकाळी घरातले एक म्हातारे चुलाण्याजवळ आले आणि म्हणाले, "अजून 10 किलो टाका रे, उन्हाळ्याचे दिवस आहेत, माणूस भातच खातो." असा 90 किलो तांदूळ शिजला.

त्या दिवशी तिथी मोठी होती. आसपास आणखी चार लग्नं होती. जेवायला आली 700 माणसं. त्यांना 56 किलो पुरला. राहिलेल्या 34 किलो तांदळाचा नव्वद किलोच्या वर भात होतो. तो संध्याकाळी ओढ्याच्या कडेला गेला. यात कुणी उधळ्या नव्हता, कुणी मिरवत नव्हता. यजमान, आचारी आणि म्हातारबाबा, तिघांना एकच भीती होती, आणि तिघांनी ती एकमेकांना न विचारता आपापल्या मापानं पातेल्यात टाकली.

आता कुणी म्हणेल, उरला तर उरला, गरिबाला वाटून टाका. इथं मला जरा थांबायचं आहे. पानावर राहिलेलं ते उष्टं. ते माणसाला द्यायचंच नाही, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पातेल्यात राहिलेलं ते शिल्लक, ते देता येतं. पण कधी? भात शिजला तरी तांदळातले काही जंतू बीजासारखे टिकून राहतात. भात कोमट झाला की ते वाढतात आणि त्यांचं विष भातात उतरतं. तो भात पुन्हा वाफवला तरी हे विष जात नाही, आणि वासावरूनही ते ओळखू येत नाही. मोठ्या पातेल्यातला भात वरून गार लागतो, पण मधे तासन् तास कोमट राहतो, म्हणजे अगदी जंतूंच्या सोयीचा. म्हणून विस्तवावरून उतरवल्यावर दोन तासांच्या आत तो खाल्ला जायला हवा, आणि वैशाखात त्याहून लवकर. आमटी, रस्सा, मटण यांचंही तेच. बुंदी आणि कोरडी पुरी मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते.

आपल्याकडं घडतं काय? एक वाजता शिजलेला भात सहा वाजता, सगळे पाहुणे उठल्यावर, पालावर जातो. ज्याच्या घरात औषधाला पैसे नाहीत, त्याच्या पोरांच्या पोटात तो जातो. हे अन्नदान म्हणायचं का? मोठ्या शहरांत उरलेलं अन्न गोळा करणाऱ्या संस्था आहेत. त्यांनी नोंदणी कशी करायची, अन्न कसं सांभाळायचं, याचे नियम केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं 2019 साली केले. आपल्या वाडीवर अशी गाडी येत नाही. इथं जे करायचं ते चुलीपाशीच करावं लागतं.

आणि जनावरांना घालू म्हणाल, तर तेही जपून. गाई-म्हशीनं भात-पुऱ्या एकदम भरपूर खाल्ल्या की पोटात आंबतं, ती रवंथ सोडते, पोट फुगतं, आणि वेळेत डॉक्टर आला नाही तर जनावर दगावतं. ओढ्याकाठी टाकलेल्या भातावर कुणाची मोकळी गाय येईल, सांगता येत नाही.

मग माणसं कमी बोलवायची? याला माझा विरोध आहे. आपल्याकडं चूलबंद आमंत्रण असतं, त्या दिवशी त्या घरात चूलच पेटवायची नाही. यादी कापायला बसलं की पहिलं नाव कुणाचं कापलं जातं? सोयऱ्याचं नाही, सावकाराचं नाही. मजुरीवर येणारीचं घर कापलं जातं. जिच्या घरी वर्षातून दोन-चारदाच गोड शिजतं, तिचं ताट काढून आपण अन्न वाचवलं म्हणायचं, हे मला पटत नाही. आमंत्रण मोठंच असू द्या. कापायचं आहे ते एकावर एक चढलेलं भीतीचं माप.

यंदा आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीच्या लग्नात आम्ही ते कसं केलं, ते सांगते. आपल्याकडं पूर्वी लग्नात कोठी एका बाईच्या ताब्यात असायची. किल्ली तिच्या कमरेला. तिला विचारल्याशिवाय शेरभर डाळ बाहेर जायची नाही. आम्ही नवरीच्या आत्याला कोठी दिली. सामान 900 पानांचं भरलं, म्हणजे 72 किलो तांदूळ. यजमानाची भीती त्या सामानानं भागली. पण शिजवायचं किती, ते आत्यांनी ठरवायचं.

आधी 40 किलो तांदूळ शिजवला. तो 500 पानांचा, म्हणजे सव्वाशेच्या चार पंगतींचा. पुढची खेप 10 किलोची, एका पंगतीपुरती. आधण सतत उकळतं ठेवलं. आधण तयार असलं की 10 किलोची खेप 35-40 मिनिटांत उतरते, आणि पंगतही साधारण तेवढाच वेळ चालते. म्हणून चौथी पंगत बसली की आत्या मांडवात जाऊन बघून आल्या, किती जण थांबलेत. मग खेप टाकली. पुढच्या पंगतीला पुन्हा तसंच. पुरीची कणीकही तशीच टप्प्यानं मळली. भाजी अशी खेपेनं होत नाही, ती एकदम 750 पानांची केली आणि बटाटे-कांदे चिरायला बाजूला ठेवले. वेळ आली तर बटाट्याचा रस्सा अर्ध्या तासात होतो.

मधेच नवऱ्या मुलाचे मामा आत आले. "आत्याबाई, पातेलं रिकामं दिसतंय. शोभेल का आपल्याला?"

आत्या म्हणाल्या, "मामा, पातेलं रिकामं आहे, कोठी भरलेली आहे. तुमची माणसं बसवा, गरम भात वाढते."

मला यजमानपणाचं सगळं सार त्यात दिसलं. पाहुण्याला पातेलं भरलेलं नको असतं. त्याला पानावर गरम अन्न आणि "अजून घ्या ना" म्हणणारं माणूस हवं असतं. आग्रह तोंडानं दोनदा करा, पण पानात टाकायच्या आधी त्याचा होकार घ्या.

आता पालावरच्यांचं. गावाबाहेर नऊ पालं होती, सगळी मिळून 40 माणसं. आत्यांनी ती आधीच 40 पानं म्हणून यादीत धरली होती. पहिला भात उतरला तसा त्यांचा वाटा बाजूला काढला. सव्वा वाजता दोन बाया झाकलेली पातेली घेऊन टमटमनं गेल्या. भात, आमटी, भाजी, पुरी, बुंदी, जे नवरदेवाच्या पानात तेच. देवाचा नैवेद्य, गाईचा घास आपण आधी काढतो, उरल्यावर नाही. मग माणसाचा वाटा तरी शेवटी का?

दिवसाअखेर 690 माणसं जेवली होती. पालावरचे 40 धरून 730 पानं. शिजला 60 किलो तांदूळ. उरलेला चार-पाच किलो भात घरच्यांनी आणि भांडी घासणाऱ्या बायांनी तेव्हाच जेवणात संपवला. कोठीत 12 किलो तांदूळ आणि थोडी डाळ कोरडी राहिली. ती दुसऱ्या दिवशी दोन एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी शिधा म्हणून गेली. कोरड्या शिध्याला दोन तासांची घाई नसते. तेलाचे न फोडलेले डबे दुकानदारानं परत घेतले, ते आधीच बोलून ठेवलं होतं.

यात अडचणीही आल्या. आचारी सुरुवातीला नाराज होता. त्याला सकाळीच सगळं उरकून मोकळं व्हायचं असतं, आणि खेपेनं करायचं तर चार वाजेपर्यंत चुलीशी थांबावं लागतं. त्याची जादा मजुरी आधीच ठरवली, तेव्हा जमलं. वऱ्हाडाच्या गाड्या एकदम येतात, म्हणून पहिल्या दोन पंगती त्यांच्यासाठीच राखाव्या लागल्या. आणि जिथं केटररला ताटाच्या दरानं काम दिलेलं असतं, तिथं कोठी आपल्या हातात नसते. तिथं किमान ताटांचा आकडा कमी लिहून घ्यायचा, आणि वरची ताटं लागली तर त्याच दरानं द्यायची, असं बोलून ठेवायचं. आकडा जास्त लिहिला की न जेवलेल्या ताटांचेही पैसे जातात.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटातल्या कुणाच्या घरी यंदा कार्य असेल, तर सुपारी फुटल्यावर यादी करायला बसाल त्याच दिवशी दोन गोष्टी ठरवून टाका. कोठीची किल्ली कुणाकडं, आणि पहिल्या भातातला वाटा कुणाचा.