चूक एकच, कारणं दोन

आम्ही दोघी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवतो. आमच्या वर्गातल्या एका वजाबाकीची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे.

बावन्नातून सत्तावीस गेले तर उरतात पंचवीस. पण २२ मुलांपैकी १३ जणांनी पस्तीस लिहिले. आम्हाला वाटलं, मुलं दशक सुटा करतात, पण पाचाचे चार करायला विसरतात. म्हणून दोन आठवडे, रोज पंधरा मिनिटं, पाच खोडून चार लिहायचा सराव घेतला. मग तशाच गणितांची चाचणी घेतली. तरी ८ मुलं चुकलीच.

शिक्षिकेनं आपल्याच वर्गातली अडचण अशी पद्धतशीर तपासली, की त्याला कृतिसंशोधन म्हणतात. आधी योजना, मग कृती, मग निरीक्षण, मग त्यावर विचार. या चार पायऱ्यांचं एक चक्र होतं. विचारातून जे कळतं, त्यावर पुढचं चक्र सुरू करायचं.

आम्ही त्या आठ जणांना एकेक करून जवळ बसवलं. एकीनं प्रश्न विचारायचा, दुसरीनं मुलाचे शब्द वहीत उतरवायचे. "कसं केलंस, सांग बरं." एक मुलगी म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले." तिनं दशक सुटा केलाच नव्हता! बाकीच्यांचंही तेच. आम्ही मात्र दोन आठवडे भलत्याच दुखण्यावर औषध देत होतो.

गणितही आम्हीच चुकीचं निवडलं होतं. बावन्न वजा सत्तावीसमध्ये दोन्ही चुकांचं उत्तर पस्तीसच येतं. त्रेपन्न वजा सत्तावीस दिलं असतं, तर दशक कमी करायला विसरणाऱ्याचं छत्तीस आलं असतं आणि उलटी वजाबाकी करणाऱ्याचं चौतीस. उत्तरावरूनच कारण कळलं असतं.

दुसऱ्या चक्रात या मुलांना काड्या दिल्या. दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. सात काड्या मागितल्या की एक गठ्ठा सोडावाच लागतो, दहाची नोट मोडावी लागते तसा. गठ्ठा सोडला की लगेच वहीत पाचाचे चार आणि दोनाचे बारा लिहायचे. दोन आठवड्यांनी सहा जणांना जमलं. उरलेल्या दोघांना दहाचे गट करूनच मोजता येत नाही, असं दिसलं. त्यांचं तिसरं चक्र आता तिथून सुरू आहे.

एका वेळी आम्ही एकच गोष्ट बदलतो, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही. आमच्या वर्गाला लागू पडलं ते दुसरीकडे पडेलच असंही नाही. तिथली कारणं तिथंच शोधावी लागतात.

तुमच्या मुलाचं गणित चुकलं, तर रागावण्याआधी विचारा, "कसं केलंस?" त्याचं उत्तर बाईंनाही कळवा. आमच्या वहीत त्याला जागा आहे.